शाखा उघडते आहे, पण पोस्टमध्ये लिहायचं काय?

हॉटेलची नवी शाखा निघाली की मालक रंग, फर्निचर, एक्झॉस्ट, परवाने या सगळ्यावर महिनोन् महिने घालवतो आणि लोकांना बोलावणारा मजकूर मात्र उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणीतरी मोबाईलवर घाईघाईत टाइप करतं. साधारण तो असा असतो: ‘प्रतीक्षा संपली! तुमची लाडकी चव आता तुमच्या शहरात! उद्घाटनानिमित्त धमाकेदार ऑफर! लवकरात लवकर भेट द्या! अटी लागू.’ वाचणाऱ्याला यातून कळतं एवढंच, की कुठेतरी काहीतरी उघडलं आहे. कोणत्या रस्त्यावर, किती तारखेपासून, किती वाजेपर्यंत, ऑफर नेमकी कशावर, टेबल राखून ठेवता येतं का, यातलं एकही उत्तर त्याला मिळत नाही.

इन्स्टाग्रामवरच्या फोटोखाली किंवा व्हॉट्सअॅपवरच्या चित्राबरोबर जो मजकूर जातो, त्याला सगळे कॅप्शन म्हणतात. नव्या शाखेचं कॅप्शन ही माझ्या मते लिहिण्याची बाब थोडी आणि हॉटेल चालवण्याची बाब जास्त आहे. त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी अंगावर काम टाकते. ऑफरची ओळ मासळी आणणाऱ्यावर, वेळेची ओळ आचाऱ्यावर, बुकिंगची ओळ गल्ल्यावर बसणाऱ्यावर. म्हणून ते लिहायला बसण्याआधी आत स्वयंपाकघरात जाऊन काही आकडे विचारून घ्यावे लागतात. हे कसं करायचं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, दादरमध्ये वर्षानुवर्षं चालणारी एक मालवणी खानावळ आहे. तिची दुसरी शाखा ठाणे पश्चिमेला, नौपाड्यात गोखले रोडवर निघते आहे. चौदा टेबलं, अठ्ठेचाळीस माणसं बसतील एवढी जागा. उद्घाटनाची तारीख ठरवायची आहे.

पहिला विचार रविवारचा येतो, कारण गर्दी रविवारी असते. पण नव्या जागेत गर्दी हीच पहिल्या दिवशीची अडचण असते. आचारी जुने असले तरी भट्टी नवी असते, वाढपी नवे असतात, बिलाचं मशीन कुणाच्या हाताला बसलेलं नसतं. त्यात मासे खाणाऱ्या घरांचे वार ठरलेले. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खाण्याचे. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत पाळले जातात. म्हणून बुधवार बरा. बुधवारी बऱ्यापैकी लोक येतात, गुरुवारी थोडा श्वास घेता येतो, शुक्रवारी पुन्हा परीक्षा होते आणि खरा लोंढा रविवारी येईपर्यंत चुका दिसून आलेल्या असतात. आपल्या उदाहरणात बुधवार, २ डिसेंबर २०२६ ही तारीख धरू. मार्गशीर्ष लागायला तेव्हा आठवडा असतो. महिना लागला की गुरुवारच नव्हे, अनेक घरांत अख्खा महिना मांसाहार बंद होतो, त्यामुळे याहून उशीर मालवणी खानावळीला परवडणारा नाही.

तारीख लिहिताना वार आणि तारीख दोन्ही लिहावेत, आणि दोन्ही कॅलेंडरवर ताडून पाहावेत. ‘बुधवार, ३ डिसेंबर’ असं एकदा छापलं गेलं की निम्मे लोक बुधवारी येतात आणि निम्मे तीन तारखेला. ‘उद्यापासून’, ‘या बुधवारी’ असे शब्द तर टाळावेतच. इन्स्टाग्राम पोस्ट टाकल्याच्या क्रमाने दाखवत नाही. रविवारी टाकलेली पोस्ट कुणाला गुरुवारी दिसते. व्हॉट्सअॅपवरचं चित्र तर एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये कित्येक आठवडे फिरत राहतं. त्याच्या वाचकाला ‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस, हे कळायला मार्ग नसतो.

आता ऑफर. सगळ्यात सोपी वाटते ती सरसकट वीस टक्के सूट. सुरमई थाळी ४५० रुपयांची असेल तर दोन माणसांच्या ९०० रुपयांच्या बिलावर मालकाच्या खिशातून १८० रुपये जातात. त्याऐवजी ‘दोन थाळ्यांवर एक बांगडा फ्राय मोफत’ असं म्हटलं तर? मेनूवर बांगडा फ्राय १६० रुपयांना आहे. मासळी, मसाला, रवा, तेल धरून तो स्वयंपाकघराला साधारण ६० रुपयांना पडतो असं समजू. म्हणजे मालक ६० रुपये देतो आणि गिऱ्हाइकाला १६० रुपयांची वस्तू मिळते. शिवाय नवं गिऱ्हाईक एक जास्तीची चीज चाखून जातं आणि थाळीचा भाव त्याच्या डोक्यात ४५० च राहतो. सुटीचा भाव एकदा डोक्यात बसला की पुढच्या महिन्यात तीच थाळी महाग वाटू लागते. मला म्हणून पहिल्या आठवड्याला सुटीपेक्षा पदार्थाची भेट नेहमीच बरी वाटते.

पण ‘मोफत’ हा शब्द लिहिला की कायदा मधे येतो, आणि तो माहीत असायला हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. पॅकेजच्या किमतीत जी वस्तू आधीपासून धरलेली आहे, तिला मोफत म्हणता येत नाही. मालवणी थाळीत सोलकढी असतेच. तेव्हा ‘थाळीसोबत सोलकढी मोफत’ ही ओळ, जी ठिकठिकाणी दिसते, ती नियमात बसत नाही. मोफत वस्तूसाठी जी वस्तू विकत घ्यावी लागते, तिची किंमत ऑफरपुरती वाढवूनही चालत नाही. म्हणजे ४५० ची थाळी त्या आठवड्यात ५२० करायची आणि बांगडा फुकट म्हणायचं, हे चालणार नाही.

दुसरी अट पुरवठ्याची. जाहिरातीतल्या भावाला वस्तू देण्याची वाजवी शक्यता नसताना लोकांना बोलावणं या तत्त्वांनुसार गैर आहे. माल मर्यादित असेल तर तसं जाहिरातीतच स्पष्ट सांगावं लागतं. तेव्हा बांगडे किती लागतील, हे आधी काढू. अठ्ठेचाळीस जागा दुपारी दोनदा आणि रात्री दोनदा भरल्या तर दिवसाला १९२ माणसं. नव्या जागेत साध्या वारी साठ टक्के भरलं तरी उत्तम, म्हणजे सुमारे ११५ थाळ्या. दोन थाळ्यांना एक धरला तर ५७ बांगडे. मध्यम आकाराचे बांगडे किलोत पाच-सहा बसतात, म्हणजे रोज दहा ते बारा किलो. एवढी मासळी आणणं आणि साफ करणं जमणार का, हे मासळी आणणाऱ्याला विचारायचं. तो हो म्हणाला की कॅप्शनमध्ये ‘रोज पहिले ६० बांगडे’ असं लिहायचं. ‘स्टॉक संपेपर्यंत’ यापेक्षा आकडा प्रामाणिक असतो. रात्री नऊला आलेल्या माणसाला साठ संपले असं सांगता येतं, आणि त्याला ते पटतंही.

मासळीच्या बाबतीत आणखी एक सोय ठेवावी लागते. समुद्र खवळला की भाऊच्या धक्क्यावर बांगडा येतच नाही, किंवा भाव दुप्पट होतो. म्हणून ‘बांगडा न मिळाल्यास मांदेली फ्राय’ हा बदल आधीच लिहून ठेवावा. पापलेटचा भाव कॅप्शनमध्ये बांधूच नये. ते ‘त्या दिवशीच्या भावाने’ असं मेनूवरच राहू द्यावं. आणि अशी ऑफर जून-जुलैत तर अजिबात काढू नये. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात ताज्या बांगड्याचं आश्वासन देणारा मालक दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीचं वचन देत असतो.

ऑफर कोणत्या दिवशी द्यायची? शनिवारी-रविवारी देऊ नये असं मला वाटतं. रविवारी टेबलं तशीही भरणार असतात; तिथे भेट देणं म्हणजे बाहेर ताटकळणाऱ्यांची रांग वाढवणं. आपली खानावळ सोमवारी बंद. तेव्हा २ ते ९ डिसेंबर या आठवड्यात ऑफरचे पाच दिवस उरतात. हे ‘२ ते ९, वीकेंड सोडून’ असं लिहिण्याऐवजी पाचही दिवस वारासकट लिहून टाकावेत. वाचणाऱ्याने बोटं मोजायची वेळ आणू नये.

आणि अटी? ‘अटी लागू’ हे दोन शब्द काढून टाका. अटी असतील तर त्या ऑफरच्या ओळीलाच जोडून, त्याच भाषेत लिहा. वर उल्लेख केलेली तत्त्वंही हेच सांगतात: खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, आणि त्याने दाव्याच्या उलट काही सांगता कामा नये. मराठीत मोठ्या अक्षरांत ‘मोफत’ आणि तळाशी बारीक इंग्रजीत अटी, हा प्रकार सर्रास दिसतो आणि तो चूक आहे. आपल्याकडे अट एकच महत्त्वाची आहे: भेट बसून जेवणाऱ्यांसाठी आहे, पार्सलला किंवा घरपोच मागवणाऱ्यांना नाही.

किंमत लिहिताना करही सांगावा. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ४५० ची थाळी बिलावर ४७२ रुपये ५० पैशांना पडते. ‘अधिक ५% जीएसटी’ एवढं लिहिलं की गल्ल्यावरचा एक वाद कमी होतो. हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, तेव्हा ती ओळच नको.

वेळेच्या ओळीत सगळ्यांत जास्त गफलत ‘पर्यंत’ या शब्दाची होते. ‘रात्री ११ पर्यंत’ म्हणजे अकराला शटर खाली, की अकराला आलेल्या माणसालाही जेवण? मालकाच्या मनात पहिलं असतं, गिऱ्हाइकाच्या मनात दुसरं. कल्याणहून गाडीने आलेलं कुटुंब पावणेअकराला दारात उभं राहतं आणि आत भांडी घासायला पडलेली असतात. म्हणून दोन वेळा लिहायच्या: हॉटेल केव्हापर्यंत, आणि शेवटची ऑर्डर केव्हापर्यंत. दुपारची आणि रात्रीची पाळी वेगळी असेल तर मधली बंद वेळ आपोआप कळेल अशा रीतीने दोन्ही सांगायच्या. साप्ताहिक सुटी त्याच ओळीत. हीच वेळ गूगल मॅप्सवरही असली पाहिजे. लोक पोस्ट वाचतात, पण निघताना मॅप्स बघतात, आणि दोन्हींत फरक असला तर मॅप्सवर विश्वास ठेवतात.

मॅप्सचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. नव्या शाखेसाठी तिथे नवी नोंद करायची असते, आणि तिची पडताळणी व्हायला काही दिवस जातात. काही जण घाईत जुन्याच नोंदीचा पत्ता बदलतात. मग दादरला जाणारा माणूस ठाण्याला पोहोचतो, आणि जुनं हॉटेल बंद झालं अशी समजूत पसरते. कॅप्शनमुळेही हीच समजूत होते. ‘आता ठाण्यात’ वाचलं की अनेकांना जागा हलली असं वाटतं. त्यामुळे ‘दादरची खानावळ आहे तिथेच सुरू आहे’ हे वाक्य हवंच. तसंच ‘ठाणे’ एवढ्याने भागत नाही. पूर्व की पश्चिम, रस्ता कोणता, आणि स्टेशनवरून चालत येता येतं का, हे सांगावं लागतं.

उरलं टेबलाचं बुकिंग. इथे आधी ठरवायचं ते हे की किती टेबलं राखून ठेवायची. सगळी राखली तर वाटेवरून सहज डोकावणारा माणूस परत जातो, आणि नव्या शाखेला रोजचं गिऱ्हाईक त्याच्यातूनच मिळायचं असतं. म्हणून निम्म्या, म्हणजे चोवीस जागा बुकिंगला आणि चोवीस येणाऱ्यांना. दुपारी तर बुकिंग घेऊच नये. ऑफिसमधला माणूस चाळीस मिनिटांत जेवून उठतो. रात्री कुटुंबं बसतात, त्यांना सव्वा तास तरी लागतो. म्हणून साडेसात आणि नऊ अशा दोनच वेळा द्यायच्या. कुणी आठचं टेबल मागितलं की ते दोन्ही पंक्ती अडवून बसतं.

बुकिंगचा मार्ग एकच असावा. फोन, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्रामवरचे मेसेज असे तीन मार्ग दिले की तीन वह्या होतात आणि एक टेबल दोघांना जातं. आपल्याकडे व्हॉट्सअॅप सगळ्यांत सोयीचं, कारण लिहिलेलं दोघांकडेही राहतं. त्याची लिंक अशी बनते:

```
https://wa.me/919XXXXXXXXX
```

शेवटच्या तिरक्या रेघेनंतर आधी 91, मग दहा आकडी नंबर. मधे अधिकचं चिन्ह, शून्य किंवा जागा काही नको. एवढी एक चूक झाली की लिंक उघडत नाही, म्हणून पोस्ट करण्याआधी दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून दाबून पाहावी. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक लिहिली तरी ती दाबता येत नाही. तिथे नंबर आकड्यांत लिहायचा आणि लिंक प्रोफाइलच्या बायोमध्ये ठेवायची. व्हॉट्सअॅपवर पाठवताना मात्र लिंक मजकुरातच द्यावी.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर आपोआप जाणारा उत्तराचा मेसेज ठेवता येतो, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. ‘धन्यवाद! आपला मेसेज मिळाला’ असं उत्तर आलं की माणूस टेबल मिळालं असं समजून घरच्यांना तयार व्हायला सांगतो. तेव्हा त्या मेसेजमध्येच लिहावं, की ‘पक्कं’ असं उत्तर आल्यावरच टेबल राखलं असं समजावं. आणि किती वेळ थांबणार तेही सांगावं. पंधरा मिनिटं पुरेशी आहेत.

हे सगळं हाताशी आल्यावर लिहायला फार वेळ लागत नाही:

*दादरची आपली मालवणी थाळी बुधवार, २ डिसेंबरपासून ठाण्यातही! गोखले रोड, नौपाडा, ठाणे (प.). स्टेशनवरून चालत या. दादरची खानावळ आहे तिथेच सुरू आहे.*

*सुरुवातीची भेट: दोन सुरमई थाळ्यांवर एक बांगडा फ्राय मोफत. बुध. २, गुरु. ३, शुक्र. ४, मंगळ. ८ आणि बुध. ९ डिसेंबर. रोज पहिले ६० बांगडे. बांगडा न मिळाल्यास मांदेली फ्राय. भेट इथे बसून जेवणाऱ्यांसाठी, पार्सलला नाही. सुरमई थाळी ₹४५०, अधिक ५% जीएसटी.*

*दुपारी १२ ते ३.३० (शेवटची ऑर्डर ३). संध्याकाळी ७ ते रात्री ११ (शेवटची ऑर्डर १०.३०). सोमवारी बंद.*

*रात्रीच्या टेबलासाठी व्हॉट्सअॅप: 9XXXXXXXXX. तारीख, वेळ (७.३० किंवा ९), किती जण आणि नाव लिहा. ‘पक्कं’ असं उत्तर आलं की टेबल तुमचं. १५ मिनिटं वाट पाहू. दुपारी बुकिंग नाही, या आणि बसा.*

पहिल्या वाक्यातच काय, केव्हा आणि कुठे आलं आहे. ते मुद्दाम तसं ठेवलं आहे, कारण फोनवर कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. ‘प्रतीक्षा संपली’ला त्या जागेत स्थान नाही.

फोटोवर मात्र थोडंच लिहावं: नाव, भाग, उद्घाटनाची तारीख आणि ऑफर कधी संपते ती तारीख. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्यानंतर कॅप्शन दुरुस्त करता येतं, फोटो बदलता येत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो आणि पुढे फिरत गेलेलं चित्र तर कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून संपण्याची तारीख चित्रावरच असावी. जानेवारीत कुणी ते चित्र घेऊन आलं तर निदान वाद होत नाही.

पोस्ट गेल्यावर पहिल्या दोन तासांत लोक काय विचारतात, ते लिहून ठेवावं. तीन जणांनी ‘पार्किंग आहे का’ विचारलं तर ती ओळ कॅप्शनमध्ये नव्हती आणि हवी होती. ‘शाकाहारी थाळी मिळेल का’ हेही हमखास येतं, कारण पाच जणांच्या कुटुंबात एक तरी वार पाळणारा असतो. उत्तरं एकेकाला देत बसण्यापेक्षा कॅप्शनमध्येच भर घालावी. आणि ९ डिसेंबरच्या रात्री गल्ला मोजून झाला की त्याच कॅप्शनच्या पहिल्या ओळीत ‘सुरुवातीची भेट संपली’ असं लिहावं, बायो आणि व्हॉट्सअॅपचा स्वागताचा मेसेजही बदलावा.

जेवायला जाणाऱ्यांना एक विनंती. निघण्याआधी ऑफरच्या पोस्टचा तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि ऑर्डर देण्याआधीच तो दाखवा. बिल आल्यावर नको. जाहिरातीत लिहिलेलं मिळालं नाही आणि मालकाशी बोलूनही उपयोग झाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.